फोनवर आकडे बदलत गेले, तर शेवटी कागदावर नक्की काय लिहायचं?

माणसं बोलताना आकडे सरळ सांगत नाहीत, सांगतात, मधेच बदलतात, मग समोरचा बदलतो, परत थोडं मागे येतात. आणि कॉल संपला की कुणीतरी विचारतं, काय ठरलं? हा प्रश्न दिसतो तेवढा सोपा नाहीये, यामागे भाषाविज्ञान आहे आणि मानसशास्त्रही आहे, म्हणून एक कॉल घेऊन नीट बघू.

समजा सोमवार, 9 फेब्रुवारी 2026. नाशिककडचा एक द्राक्ष बागायतदार बॉक्सवाल्याला फोन करतोय.

"दादा, गुरुवारी सकाळी आठशे बॉक्स लागतील, पाच किलोचे. रेट तोच ना, बेचाळीस?"
"नाही ओ, कागद वाढलाय, चव्वेचाळीस झालाय आता. म्हणजे पस्तीस हजार दोनशे होतील. भाडं दीड हजार वेगळं."
"हं हं... अहो आठशे नको, नऊशे करा, मजूर वाढवलेत."
"नऊशे असतील तर त्रेचाळीसने देतो. पण गुरुवारचं अवघड आहे, शुक्रवारी देतो."
"शुक्रवारी उशीर होईल. गुरुवारी संध्याकाळी तरी?"
"बरं, सहापर्यंत टाकतो."
"चालेल. त्रेचाळीस धरतो मग."
"हो. अ‍ॅडव्हान्स दहा हजार उद्या टाका."
"हं, बघतो."

बहुतेक जण म्हणतील की सोपंय, प्रत्येक गोष्टीचा शेवटी बोललेला आकडा घ्या. वाराला तो नियम इथे चालून जातो, पण नशिबाने. बागायतदार "शुक्रवारी उशीर होईल, त्या आधीच द्या" एवढंच बोलला असता आणि पुढचा म्हणाला असता "बरं, देतो", तर शेवटचा उच्चारलेला वार शुक्रवार असता, आणि तोच तर नाकारलेला होता. म्हणजे शेवटी काय बोललं गेलं हे पुरत नाही, शेवटी कशाला दोघांनी होकार दिला ते शोधावं लागतं.

आता दुरुस्ती ओळखायची कशी? विलेम लेव्हेल्ट या डच मानसभाषाशास्त्रज्ञाचा 1983 सालचा एक अभ्यास आहे, लोकांना रंगीत ठिपक्यांची चित्रं वर्णन करायला सांगितली आणि बोलताना ते स्वतःला कसं दुरुस्त करतात ते तपासलं. त्यात दिसलं की दुरुस्तीचा पहिला शब्दच बऱ्याचदा ऐकणाऱ्याला सांगतो की कुठे मागे जायचं. तो शब्द आधी येऊन गेला असेल तर तिथपासून बदला, नाहीतर त्याच जातीचा शब्द शोधा, रंगाच्या जागी रंग, संख्येच्या जागी संख्या. म्हणून "आठशे नको, नऊशे" ऐकलं की आपण नऊशे रेटच्या जागी टाकत नाही, बॉक्सच्या जागीच टाकतो, आणि हे इतकं पटकन होतं की आपल्याला कळतही नाही.

घोळ होतो तो बदल कुठपर्यंत पोचतो यात. "नऊशे करा" म्हटल्यावर पाच किलो तसंच राहिलं, वारही तसाच राहिला, कारण त्याला कुणी हात लावला नाही. पण "गुरुवारी संध्याकाळी" आलं आणि वार तोच राहूनही सकाळ गेली. ज्याने वहीत फक्त "गुरुवार" लिहून ठेवलं होतं आणि सुरुवातीची सकाळ डोक्यात होती, तो सकाळी मजूर बोलावून बसेल आणि बॉक्स येतील संध्याकाळी.

सगळ्यात फसवा आकडा मात्र पस्तीस हजार दोनशे. तो चूक आहे असं अख्ख्या कॉलमध्ये कुणी म्हटलंच नाही! तो 800 ला 44 ने गुणून आला होता, नंतर दोन्ही आकडे बदलले आणि हा तसाच लोंबकळत राहिला. असे हिशोबातून आलेले आकडे कॉलमधून उचलूच नयेत, शेवटच्या आकड्यांवरून परत काढावेत. 900 गुणिले 43, म्हणजे 38,700. शिवाय 43 चा रेट नऊशेच्या अटीवर आहे, उद्या परत आठशे केले तर 43 आपोआप टिकेल असं धरता येत नाही, म्हणून अट रेटच्या शेजारीच लिहायची.

आता होकार. भाड्यावर बागायतदार "हं हं" म्हणाला, अ‍ॅडव्हान्सवर "हं, बघतो". संभाषणाचा अभ्यास करणारा इमॅन्युएल शेग्लॉफ याने 1982 मध्ये इंग्रजीतल्या अशाच हुंकारांबद्दल दाखवून दिलं होतं की त्यांचं काम मुख्यतः "बोला पुढे, मी ऐकतोय" एवढं असतं, त्याला सहमती समजणं धोक्याचं. विमान वाहतुकीत हा फरक शब्दांतच बांधून टाकलाय. पायलट "रॉजर" म्हणाला तर त्याचा अर्थ तुमचं शेवटचं बोलणं पूर्ण मिळालं, एवढाच. हो म्हणायचं तर "अफर्म" हा वेगळा शब्द आहे. आकडा चुकला तर आधी "करेक्शन" म्हणायचं आणि मग बरोबर आकडा सांगायचा. आणि महत्त्वाची सूचना पायलटने परत म्हणून दाखवायची, कंट्रोलरने ती लक्ष देऊन ऐकायची. आपल्या कॉलमध्ये "त्रेचाळीस धरतो" आणि त्यावरचं "हो" ही तीच गोष्ट आहे, म्हणून रेट पक्का. भाडं आणि अ‍ॅडव्हान्स पक्के नाहीत, ते वेगळे लिहायचे.

पण एवढं कळूनही पहिला आकडा डोक्यातून जात का नाही? हॉलिन जॉन्सन आणि कॉलीन सिफर्ट यांनी 1994 मध्ये एका प्रयोगात लोकांना गोदामाच्या आगीची बातमी टप्प्याटप्प्याने वाचायला दिली. आधी सांगितलं की एका कपाटात ऑइल पेंट आणि गॅसचे सिलिंडर होते, नंतर सांगितलं की कपाट रिकामंच होतं. लोकांना दुरुस्ती आठवत होती, तरी आगीबद्दल विचारलं की उत्तरांत पेंट आणि गॅस डोकावायचेच. आगीचं दुसरं कारण दिल्यावर मात्र हा परिणाम बराच कमी झाला. तो प्रयोग आकड्यांवरचा नाही हे खरं, पण मला त्यातून एक सवय घ्यावीशी वाटते, की "आठशे नाही" एवढ्यावर थांबू नये, त्या जागी नऊशे आणि का नऊशे हे लगेच भरावं. मजूर वाढले म्हणून नऊशे.

म्हणून कॉलनंतरचा मेसेज असा:

"900 बॉक्स, 5 किलोचे. रेट 43 (900 घेतले तर). गुरुवार 12 फेब्रुवारी, संध्याकाळी 6 पर्यंत पोच. बॉक्सचे एकूण 38,700. अजून ठरायचं: भाडं 1,500 कुणाकडे, अ‍ॅडव्हान्स 10,000 मंगळवारी 10 तारखेला द्यायचा का."

यात 800, 42, 44, शुक्रवार काहीच नाही, आणि जो कॉलवर नव्हताच त्याला ते माहीत असायची गरजही नाही. "उद्या" सुद्धा काढलं, कारण मेसेज मंगळवारी वाचला तर उद्या म्हणजे बुधवार होतो. अपवाद एकच, कॉल चालू असतानाच कुणी मुकादमाला "आठशे येणारेत" असं कळवून टाकलं असेल तर त्याला जुना आकडा घेऊनच सांगावं लागतं, आठशे रद्द, नऊशे झाले, नाहीतर तो दोन ऑर्डरी समजेल.

आणि मेसेज आकड्यातच लिहावा. बेचाळीस, त्रेचाळीस, चव्वेचाळीस, तिघांचा शेवट सारखाच, खरखरत्या लाइनवर पहिला तुकडा गेला तर मागे राहतं नुसतं चाळीस. तोंडीच पक्कं करायचं असेल तर विमानवाल्यांसारखं एकेक अंक सुटा म्हणायचा, "रेट चार-तीन, बॉक्स नऊ-शून्य-शून्य", आणि समोरच्याकडून तेच परत म्हणवून घ्यायचं.