चंचल मूल, दोन निदानं: एडीएचडी आणि गर्भातल्या दारूची इजा

शाळेकडून येणारी तक्रार बहुतेक वेळा सारखीच असते: मूल एका जागी बसत नाही, सांगितलेलं करत नाही. मग एडीएचडीची, म्हणजे लक्ष न लागणं आणि अतिचंचलता या विकाराची, प्रश्नावली भरली जाते. गर्भात असताना दारूमुळे मेंदूला इजा झालेल्या मुलाचेही, म्हणजे एफएएसडी असलेल्या मुलाचेही, त्या प्रश्नावलीत भरपूर गुण होतात. असं का होतं, हे दोन्ही निदानांचा इतिहास पाहिला की कळतं.

एडीएचडीचं निदान वर्तनाच्या वर्णनातून घडलं. 1902 मध्ये लंडनला जॉर्ज स्टिल यांनी बुद्धी ठीक असूनही स्वतःला आवर घालू न शकणाऱ्या मुलांवर व्याख्यानं दिली. आजचं नाव 1987 चं. आजचे निकषही वर्णनाचेच आहेत: दुर्लक्षाच्या किंवा अतिचंचलतेच्या नऊपैकी किमान सहा खुणा, बारा वर्षांच्या आत सुरुवात आणि घर-शाळा अशा किमान दोन ठिकाणी त्रास. मूल असं का झालं, हे त्यात कुठेच विचारलेलं नाही.

एफएएसडीची सुरुवात मात्र कारणापासून झाली. 1968 मध्ये फ्रान्समधल्या नांत शहरात पॉल लेमवान यांनी दारू पिणाऱ्या पालकांच्या 127 मुलांची निरीक्षणं छापली. तिकडे फारसं कुणी पाहिलं नाही. 1973 मध्ये सिएटलच्या केनेथ जोन्स आणि डेव्हिड स्मिथ यांनी या आजाराला नाव दिलं. त्यांच्यामुळे चेहरा ओळखीची खूण ठरला: डोळ्यांची आखूड फट, पातळ वरचा ओठ, नाक आणि ओठ यांमधली सपाट झालेली पन्हळ. पण ही ठेवण गर्भाच्या अगदी सुरुवातीच्या थोड्या दिवसांत ठरते, मेंदू मात्र नऊही महिने घडत राहतो. त्यामुळे इजा झालेल्या बहुसंख्य मुलांचा चेहरा इतरांसारखाच असतो. 1996 मध्ये अमेरिकेतल्या निकषांनी अशा मुलांनाही जागा दिली आणि खरी अडचण तिथूनच सुरू झाली: चेहरा साधा, वागणं एडीएचडीसारखं.

वाट दाखवली ती 1997 मधल्या क्लेअर कोल्स यांच्या अभ्यासाने. एडीएचडीच्या मुलांना लक्ष एकाग्र करणं आणि टिकवणं अवघड जात होतं. दारूची इजा झालेली मुलं अडत होती ती माहिती डोक्यात उतरवून घेताना आणि एका नियमावरून दुसऱ्यावर जाताना. माझ्या मते आपल्याकडच्या तपासणीत हाच फरक सर्वांत जास्त निसटतो.

सोलापुरातल्या नऊ वर्षांच्या एका मुलाचं उदाहरण घेऊ. ते रचलेलं आहे, पण त्यातल्या गोष्टी अशा मुलांत दिसणाऱ्याच आहेत. वडील यंत्रमागावर, आई विड्या वळणारी, घरी कानडी, शाळा मराठी. सातचा पाढा आज येतो, उद्या पुसला जातो. आधी श्रवण, दृष्टी, हिमोग्लोबिन आणि थायरॉइड पाहायचं. मग उंची, वजन, डोक्याचा घेर. डोळ्याची फट मोजपट्टीने. ओठ आणि पन्हळ ताडून पाहायचा अमेरिकी चित्रतक्ता गोऱ्या आणि आफ्रिकी वंशाच्या चेहऱ्यांवरून केलेला आहे, म्हणून इथे तो जपूनच वापरावा.

पुढे पंधरा शब्दांची यादी पाच वेळा वाचून दाखवायची, तीही कानडीत, नाहीतर भाषेची अडचण स्मरणाच्या खात्यात जमा होते. हा मुलगा समोर बसून मन लावून ऐकतो, तरी पाचव्या फेरीतही सहाच शब्द सांगतो. वीस मिनिटांनी विचारलं तर त्यातले पाच अजून आठवतात. म्हणजे शिकलेलं बऱ्यापैकी टिकतं. आत जातानाच कमी जातं. यावरून संशय येतो, निदान होत नाही. कॅनडाच्या 2016 च्या निकषांत मेंदूच्या कामाच्या दहा क्षेत्रांपैकी किमान तीन क्षेत्रांत तीव्र कमतरता लागते. स्मरण हे त्यातलं एक. म्हणून गणित, भाषा आणि रोजचे व्यवहार स्वतंत्रपणे तपासतात. आई सांगते, दुकानातून उरलेले पैसे मोजून आणणं त्याला अजून जमत नाही.

यानंतर आईला विचारायचा प्रश्न. "ताई, तुम्ही दारू घ्यायचात का?" असं विचारलं की उत्तर नाही येतं आणि मान खाली जाते. त्याऐवजी शांतपणे, एकटीला विचारावं: "दिवस राहिल्याचं कळायच्या आधीच्या महिन्यांत शिंदी, ताडी, हातभट्टी, काही घेणं व्हायचं का? आठवड्यात किती वेळा, एका वेळी किती?" दोष द्यायला विचारत नाही, हे तिला आधी सांगावं. फक्त वडील पितात यावरून हे निदान होत नाही. चेहऱ्याच्या तिन्ही खुणा एकत्र दिसत नसतील आणि आईच्या पिण्याची खात्रीशीर माहितीही नसेल, तर एफएएसडी म्हणता येत नाही, चाचण्या कितीही बोलक्या असल्या तरी.

दोन्ही निदानं एकाच मुलात असू शकतात, आणि बऱ्याचदा असतात. अशा मुलाला एडीएचडीचं औषध दिलं तर बसणं सुधारू शकतं. त्याचा परिणाम मात्र मुलागणिक बदलतो. पाढ्यासाठी शिक्षकांना वेगळं सांगावं लागतं: एका वेळी एकच सूचना, पाढ्याच्या दोनच ओळी आणि त्याच ओळी दुसऱ्या दिवशी पुन्हा पहिल्यापासून.