बिनपगारी इंटर्नला तक्रारीचा हक्क कधी मिळाला?

पूर्ण वेळ राबणारा इंटर्न तक्रार करायला कचरतो, तेव्हा त्याच्या मनात एकच शंका असते: कायद्याच्या लेखी आपण कर्मचारी आहोत की शिकाऊ? अमेरिकेत या शंकेचं मूळ एका रेल्वे यार्डात सापडतं.

अमेरिकेत किमान वेतनाचा कायदा 1938 मध्ये आला. पोर्टलंड टर्मिनल ही रेल्वे कंपनी ब्रेक्समनच्या, म्हणजे गाडीचे ब्रेक सांभाळणाऱ्या कामगाराच्या, जागेसाठीच्या उमेदवारांना सात-आठ दिवस यार्डात शिकवायची. आधी बघायचं, मग अनुभवी माणसाच्या नजरेखाली थोडं करून बघायचं. 1947 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की या कायद्याच्या लेखी हे उमेदवार कर्मचारी नव्हेत. ते कोणाची जागा घेत नव्हते, आणि त्यांच्यामुळे कंपनीचं काम पुढे सरकण्याऐवजी कधी कधी अडायचंच. निकाल रास्त होता. पण आठवडाभराच्या शिकवणीसाठी दिलेली ही सवलत पुढे महिनोन्‌महिने चालणाऱ्या बिनपगारी कामाचा आधार बनली, आणि माझ्या मते खरा अन्याय तिथून सुरू झाला.

‘ब्लॅक स्वान’ चित्रपटाच्या निर्मितीत काम केलेल्या दोन इंटर्ननी 2011 मध्ये फॉक्स सर्चलाइट या चित्रपट कंपनीवर खटला भरला. झेरॉक्स काढणं, कागद फाइलला लावणं, फोन घेणं, जेवणाच्या ऑर्डरी घेणं ही त्यांची कामं. इंटर्न नसते तर यासाठी पगारी माणूस ठेवावा लागला असता. 2013 मध्ये जिल्हा न्यायाधीशांनी त्यांना कर्मचारी ठरवलं. 2015 मध्ये मात्र अपील न्यायालयाने तो निकाल रद्द करून नवी कसोटी दिली: या नात्यात जास्त फायदा कोणाचा, इंटर्नचा की कंपनीचा? शिक्षणाशी सांगड, कामाचा कालावधी, पगारी माणसाची जागा घेतली का, अशा बाबी एकत्र तोलायच्या. कामगार खात्यानेही 2018 मध्ये हीच कसोटी स्वीकारली. तिच्यात अडचण अशी की उत्तर प्रत्येक प्रकरणागणिक बदलतं. इंटर्नला आपली बाजू आधीच ठामपणे कळत नाही.

पगार नसण्याचा फटका पगारापुरता राहत नाही. न्यूयॉर्कमधल्या एका मनोरुग्णालयात इंटर्न असलेल्या विद्यार्थिनीने तिथल्या डॉक्टरविरुद्ध लैंगिक छळाची तक्रार केली. 1997 मध्ये अपील न्यायालयाने म्हटलं, रुग्णालय तिला मोबदला देत नव्हतं, म्हणून ती कर्मचारी नाही, म्हणून कामाच्या ठिकाणच्या भेदभावाविरुद्धचा केंद्रीय कायदा तिला लागू नाही. छळ झाला की नाही, हा प्रश्न त्या कायद्याखाली तपासलाच गेला नाही. ही फट राज्यांनी बुजवायला घेतली ती फार उशिरा: ओरेगनने 2013 मध्ये, न्यूयॉर्कने 2014 मध्ये बिनपगारी इंटर्नना छळाविरुद्ध संरक्षण दिलं.

वेतनाच्या बाबतीत एक जुना निकाल इंटर्नच्या बाजूचा आहे. एका धार्मिक संस्थेतले लोक स्वतःच म्हणत होते, आम्हाला पगार नको. तरीही 1985 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांना किमान वेतनाचा कायदा लागू केला, कारण हा हक्क सोडून देता येत नाही. तेव्हा ‘मोबदला मिळणार नाही’ या अटीवर सही केलेला इंटर्नही, वरच्या कसोटीवर कर्मचारी ठरला, तर थकलेलं वेतन मागू शकतो. फक्त मुदत साधारण दोन वर्षांची असते. मालकाने जाणूनबुजून कायदा मोडला असेल तर तीन.