उन्हाळी भाजीला काड की मल्चिंग पेपर? आधी हा पेपर आला कुठून ते बघू

फेब्रुवारी-मार्चमधे टोमॅटो-मिरचीची लागण करायची म्हटलं की दुकानदार पहिल्यांदा मल्चिंग पेपरचा रोल पुढे करतो. पण हे तंत्र आपल्यासारख्या ४० डिग्रीच्या उन्हासाठी निघालेलंच नाही, आणि ते समजलं की काड कुठे सरस आणि प्लास्टिक कुठे, हे आपोआप उलगडतं.

काड, पाचट, पालापाचोळा अंथरणं जुनंच, त्याचा शोध कुणी लावला विचारण्यात अर्थ नाही. विकतचं आच्छादन मात्र हवाईतून सुरू झालं. पहिल्या महायुद्धाच्या सुमारास तिथल्या ओला नावाच्या ऊस मळ्यात चार्ल्स एकार्टने डांबर लावलेला कागद अंथरला, मुख्य कारण तण, मग अननसवाल्यांनी तो उचलला. कागद कुजायचा, फाटायचा. पॉलिथिन आल्यावर अमेरिकेत केंटकी विद्यापीठातल्या एमरी एमर्ट यांनी १९५० च्या दशकात काळी फिल्म भाज्यांवर वापरून दाखवली. तिकडची अडचण काय, तर वसंतात जमीन गारठलेली, रोप बसूनच राहतं. काळ्या फिल्मखाली दोन इंचांवर माती साधारण अडीच-तीन डिग्री जास्त तापते, त्यामुळे माल आठ-पंधरा दिवस आधी निघतो आणि बाजार मिळतो. म्हणजे माती तापवणं हाच फायदा होता!

आता हेच आपल्याकडे एप्रिलमधे आणा. उघडी माती आधीच तापलेली, त्यात अजून तीन डिग्री म्हणजे वरच्या दोन-तीन इंचातली मुळं भाजणार. शिवाय काळा पेपर स्वतः इतका तापतो की त्याला टेकलेलं कोवळं खोड करपतं, आणि पेपरखालची गरम हवा भोकातून वर येते ती वेगळीच. लावणीनंतर आठवड्यात रोप मान टाकतंय, माती तर ओली आहे, तर बुरशीनाशकाची बाटली उघडण्याआधी खोड जमिनीलगत बघा, तिथे तपकिरी आवळलेली रिंग पेपरच्या कडेला अगदी समोरासमोर असेल तर बहुतेक चटका आहे. भोक मोठं घ्यायचं, खोडाला मातीची भर द्यायची, म्हणजे हे बरंच टळतं.

यावर उपाय म्हणून वर चंदेरी किंवा पांढरी आणि खाली काळी अशी दोन रंगी फिल्म आली. वरचा रंग ऊन परत फेकतो, खालचा काळा तणाला उजेड मिळू देत नाही. पांढऱ्या-काळ्या फिल्मखाली माती उघड्या जमिनीइतकीच किंवा जेमतेम डिग्रीभर थंड राहते, चंदेरीखाली ती नुसत्या काळ्या आणि पांढऱ्या-काळ्या फिल्मच्या मधे कुठेतरी, वर मावा-फुलकिडे थोडे बिचकतात हा बोनस. पारदर्शक फिल्म मात्र उन्हाळी पिकाखाली घालूच नका, तिच्याखाली माती सगळ्यात जास्त तापते आणि तणही जोमात येतं. इस्रायलमधे काटान आणि सहकाऱ्यांनी १९७६ मधे तीच उष्णता रिकाम्या ओल्या जमिनीतल्या रोगकारक बुरश्या मारायला वापरली, ते काम वेगळं.

आता काड. ते ऊनही अडवतं आणि मधे हवा धरून ठेवतं, म्हणून दुपारची माती खरोखर थंड ठेवायची तर काडच, इथे माझं मत पक्कं आहे. वळवाचा पाऊसही त्यातून मुरतो, प्लास्टिकवरून तो सरीत वाहून जातो, म्हणून पेपरखाली ड्रिप लागतेच. ओल धरण्यात मात्र फिल्म पुढे, कारण भोकं सोडली तर वाफ जायला वाटच नाही.

मग काड मागे का पडलं? हिशोब करू. एकरात पाच फुटांवर बेड धरले तर सुमारे २,६५० मीटर लांबी होते, म्हणजे ४०० मीटरचे सात रोल, एवढे तर पिकअपमधे सहज मावतात. तेच तीन फुटी बेडवर तीन इंच काड म्हणजे मोकळं असताना अंदाजे पाच टन, दोन-तीन एकर गव्हाचं काड, आणि तेही जनावरांच्या तोंडचं. म्हणून लोक दोन टनांत भागवतात, थर इंचभर होतो, ओल थोडीफार टिकते पण तण सरळ वर येतं. वर मळणीत राहिलेले गव्हाचे दाणेच उगवतात ते वेगळं! काड मातीत कालवलं गेलं तर जिवाणू नत्र खेचून घेतात आणि पिकाची खालची पानं पिवळी पडतात, त्यामुळे वरच राहू द्या. लव्हाळा मात्र दोघांनाही जुमानत नाही, फिल्मसुद्धा सुईसारखी टोचून वर येतो, त्याच्या गाठी आधीच काढायला हव्यात.

पेपर स्वस्तात पडावा म्हणून पातळ घ्यायचा मोह होतो, पण तो हंगामानंतर तुकड्यातुकड्यांनी मातीत राहतो. चीनमधे १९७० च्या दशकाच्या शेवटी फिल्म आली, अति पातळ फिल्म गोळाच करता येईना, शेवटी २०१७ च्या मानकात किमान जाडी ८ वरून १० मायक्रॉनवर न्यावी लागली. आपल्याकडे २५-३० मायक्रॉन मिळतो, निदान तेवढा तरी घ्या, आणि पीक संपल्यावर नांगर घालायच्या आधी उचला.