नळी नक्की श्वासनळीतच आहे ना?

भूल दिल्यावर रुग्णाच्या श्वासनळीत नळी घालतात. अन्ननलिकेचं तोंड तिला लागूनच असल्याने नळी कधी कधी तिकडे शिरते. धोका हा की ते लगेच कळत नाही. आधी भरपूर ऑक्सिजन दिलेला असतो, त्यामुळे बोटावरचा पल्स ऑक्सिमीटर काही मिनिटं ९८-९९ दाखवत राहतो. छाती हलल्यासारखी वाटते, नळीत बाष्पही दिसतं.

कॅप्नोग्राफ मात्र काही श्वासांतच खरं सांगतो. बाहेर पडणाऱ्या हवेतला कार्बन डायऑक्साइड तो अवरक्त किरणांनी मोजतो आणि पडद्यावर आलेख काढतो. उच्छ्वासाच्या सुरुवातीला नळीतली आणि श्वासमार्गातली हवा येते, तेव्हा रेषा शून्यावर असते. फुफ्फुसांच्या आतली हवा येऊ लागली की ती झपकन चढते, पठारासारखी जवळपास आडवी चालते आणि श्वास आत घेताच खाली येते. पठाराच्या शेवटचा आकडा म्हणजे एंड-टायडल. एरवी तो ३५ ते ४५ मिमी पारा असतो.

समजा, नळी बसवून तिला जोडलेला हवा देणारा फुगा दाबला. पहिल्या श्वासाला छोटीशी लाट आली, दुसऱ्याला त्याहून लहान, सहाव्यापर्यंत रेषा सपाट झाली. आधी मास्कने हवा देताना पोटात गेलेला वायू तेवढा बाहेर आला, एवढाच याचा अर्थ. म्हणून २०२२च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचना किमान सात श्वास टिकणारी, पुरेशा उंचीची लाट मागतात. ती नसेल तर नळी अन्ननलिकेत आहे असंच धरायचं. दुसरी खात्री तातडीने होत नसेल तर नळी काढून मास्कने ऑक्सिजन द्यायचा. यंत्र बिघडलं असेल, ही समजूत मला सर्वांत घातक वाटते.

‘हृदयच थांबलंय, मग लाट कुठून येणार?’ हे कारणही चालत नाही. छाती नीट दाबली जात असेल तर थोडं रक्त फुफ्फुसांत पोचतं आणि बुटकी का होईना, लाट उमटते. आकडा १०च्या खाली राहिला तर दाबणाऱ्याचे हात थकलेत का, हे आधी पाहायचं. १२-१४ वर असलेला आकडा अचानक ३५-४० वर गेला तर बहुधा हृदय पुन्हा चालू झालेलं असतं. सोडिअम बायकार्बोनेट टोचल्यावरही तो थोडा वेळ वाढतो, म्हणून नाडी तपासावीच लागते.

एंडोस्कोपीसाठी गुंगी दिलेल्या रुग्णाच्या नाकाशी कॅप्नोग्राफची बारीक नळी लावतात. जीभ मागे पडून श्वास अडला की छाती धडपडत असते, पण लाट नाहीशी होते. हनुवटी उचलायला तेवढी सूचना पुरते, कारण ऑक्सिजन चालू असताना ऑक्सिमीटरचा आकडा बराच नंतर घसरतो. रुग्ण तोंडाने श्वास घेत असेल तर मात्र लाट उगाचच बुटकी दिसते. तेव्हा आकड्यापेक्षा ती प्रत्येक श्वासाला उमटते का, हे पाहायचं.