सरपंचावरील अविश्वास ठराव (महाराष्ट्र)

ग्रामपंचायतीच्या सदस्यांनी सरपंचावर वा उपसरपंचावर विश्वास उरला नसल्याचे ठरावाने जाहीर करून त्याला पदावरून दूर करण्याची ही प्रक्रिया महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियम, 1958 च्या कलम 35 मध्ये दिलेली आहे. कलम 39 खालील कारवाईत गैरवर्तनाची चौकशी होऊन ते सिद्ध व्हावे लागते. अविश्वासाला मात्र केवळ संख्याबळ पुरते आणि गैरवापराचे मूळही तिथेच आहे.

सदस्य ठरावाची नोटीस तहसीलदाराकडे देतात. ती मिळाल्यापासून सात दिवसांत तहसीलदाराने विशेष सभा बोलवायची असते आणि तिचे अध्यक्षपदही त्याच्याकडेच असते, मात्र त्याला मत नसते. सरपंचाला आपली बाजू मांडता येते व मतही देता येते. थेट जनतेतून निवडून आलेल्या सरपंचाविरुद्धचा ठराव तीन चतुर्थांश बहुमताने संमत व्हावा लागतो आणि त्यानंतर ग्रामसभेने गुप्त मतदानाने त्याला मान्यता द्यावी लागते. निवडीनंतरची पहिली दोन वर्षे आणि मुदत संपण्याआधीचे सहा महिने असा ठराव आणता येत नाही. थेट निवडीची पद्धत 2017 मध्ये आली, 2020 मध्ये रद्द झाली आणि 2022 मध्ये पुन्हा लागू झाली.

बहुमत मोजले जाते ते हजर सदस्यांवर नव्हे, तर त्या वेळी सभेत बसण्याचा व मत देण्याचा हक्क असलेल्या एकूण सदस्यांवर. असे दहा सदस्य असतील तर साडेसात, म्हणजे प्रत्यक्षात आठ मते लागतात. विरोधकांकडे आठ जण असले आणि त्यांतला एक सभेला आलाच नाही, तर ठराव पडतो, कारण गैरहजेरीचा परिणाम विरोधी मतासारखाच होतो. नोटीस पडताच सदस्यांना सहलीच्या नावाखाली एखाद्या रिसॉर्टवर नेऊन ठेवतात आणि सभेच्या दिवशीच गाडीतून थेट आणून उतरवतात, ते याच भीतीने. उलट सात जण ठरावाच्या बाजूने असताना सरपंचाच्या गटातील एक सदस्य अपात्र ठरला, तर एकूण संख्या नऊवर येते, सात मते पुरतात आणि आदल्या दिवशी पडणारा ठराव संमत होतो. सरकारी जागेवरील अतिक्रमण किंवा मुदतीत सादर न केलेले जात वैधता प्रमाणपत्र यांवरून जिल्हाधिकाऱ्यांकडे होणाऱ्या तक्रारी काही वेळा अविश्वासाच्या तोंडावरच का दाखल होतात, याचे उत्तर बरेचदा या हिशोबात सापडते.

ठरावाच्या नोटिशीत ‘मनमानी कारभार’, ‘सदस्यांना विश्वासात न घेणे’ अशी ठरावीक कारणे लिहिलेली असतात. प्रत्यक्षातले कारण पुष्कळदा वेगळे असते: मुरुमाच्या किंवा गटाराच्या कामाचे बिल अडवलेले असते, किंवा सदस्यांतून सरपंच निवडताना पद सव्वा-सव्वा वर्ष वाटून घेण्याचा तोंडी करार झालेला असतो आणि पहिला गडी राजीनामा देत नाही. अशा कराराला कायद्यात काहीही स्थान नाही, तरी तो मोडल्याचा राग कायदेशीर ठरावातूनच निघतो.

महिला सरपंचांच्या बाबतीत हा धोका अधिक असतो. जळगाव जिल्ह्यातील विचखेडा येथील महिला सरपंचाचे प्रकरण अविश्वासाचे नव्हे, तर अतिक्रमणावरून अपात्रतेचे होते. पण 2024 मध्ये तिची अपात्रता रद्द करताना, गावकऱ्यांना स्त्रीने सरपंच होणे पचनी पडले नव्हते, याची दखल सर्वोच्च न्यायालयाने घेतली. संमत ठरावाच्या वैधतेवर वाद असेल तर तो जिल्हाधिकाऱ्यांकडे नेता येतो. तिथे मात्र नोटीस, मुदत आणि मतमोजणी तपासली जाते, अविश्वासाचे कारण खरे होते की नाही हे नव्हे.