सीपीव्हीसी पाइपचा सॉल्व्हंट सिमेंट सांधा

सीपीव्हीसी, म्हणजे क्लोरिनेटेड पॉलिव्हिनाइल क्लोराइडचा पाइप आणि त्याच पदार्थाची एल्बो, टी किंवा कपलर ही फिटिंग यांच्या पृष्ठभागांना द्रावकयुक्त सिमेंट लावून केलेल्या कायमच्या जोडाला सॉल्व्हंट सिमेंट सांधा म्हणतात. घरातील गरम व थंड पाण्याच्या सीपीव्हीसी पाइपांचे भारतीय मानक आयएस १५७७८ हे आहे. प्लंबर या सिमेंटला ‘सोल्यूशन’ म्हणतात. टेट्राहायड्रोफ्युरान, सायक्लोहेक्झानोन यांसारख्या द्रावकांमध्ये सीपीव्हीसीचेच रेझिन विरघळवून ते तयार केलेले असते. द्रावक पाइपच्या बाहेरील आणि फिटिंगच्या आतील पृष्ठभागाला मऊ करतो, दोन्ही मऊ थर एकमेकांत मिसळतात आणि पुढे द्रावक हळूहळू उडून गेला की तिथे एकसंध प्लास्टिक उरते.

फिटिंगच्या तोंडाचा भाग, म्हणजे सॉकेट, आतल्या बाजूला किंचित निमुळता होत जातो. त्यामुळे सिमेंट न लावता पाइप घालून पाहिला, तर तो सॉकेटच्या एक तृतीयांश ते दोन तृतीयांश खोलीपर्यंत सहज जातो आणि मग अडतो. तो सैल पडून थेट तळाला टेकत असेल, तर पाइप आणि फिटिंगची मापे जुळत नाहीत असे समजावे. सिमेंट लावल्यावर पृष्ठभाग मऊ होऊन पाइप अडलेल्या जागेपलीकडे तळापर्यंत दाबता येतो. तळाकडच्या या घट्ट पट्ट्यात दोन्ही पृष्ठभाग खऱ्या अर्थाने एकजीव होतात, तर तोंडाकडच्या सैल पट्ट्यात मधली फट सिमेंटच्या थराने भरून निघते. सांध्याचे बळ मुख्यतः त्या घट्ट पट्ट्यावर अवलंबून असते, आणि उशिरा उघडकीला येणाऱ्या बहुतेक गळत्यांचे मूळही तिथेच सापडते.

पाऊण इंची पाइपचे उदाहरण घेतल्यास त्याचा बाहेरील व्यास सुमारे २२ मिलिमीटर असतो आणि सॉकेटची खोली सुमारे १८ मिलिमीटर. पाइप कटरने किंवा बारीक दातांच्या हॅक्सॉने काटकोनात कापावा लागतो, कारण तिरपा काप एका बाजूने तळाला टेकतो आणि दुसऱ्या बाजूने तळाकडचा पट्टा मोकळा सोडतो. कापल्यावर आतील व बाहेरील धस काढून बाहेरच्या काठाला कानशीने थोडा उतार द्यावा. धस राहिली, तर पाइप आत जाताना ती सॉकेटमधले सिमेंट खरवडत पुढे नेते आणि मागे लांबट कोरडी चीर सोडते. त्यानंतर पाइप व सॉकेट कोरड्या फडक्याने पुसून पाइपवर टोकापासून १८ मिलिमीटरवर पेन्सिलीने खूण करावी. दोन मिनिटांच्या या कामाला घाईत सर्वाधिक फाटा दिला जातो. पाइप पूर्ण आत गेला की नाही, हे मात्र नंतर त्या खुणेवरूनच कळते.

प्राइमर हा रेझिन नसलेला किंवा जवळजवळ नसलेला द्रावक असतो आणि तो सिमेंटच्या आधी पृष्ठभाग मऊ करतो. अर्धा ते दोन इंची सीपीव्हीसीसाठी विकले जाणारे पिवळे ‘वन-स्टेप’ सिमेंट, डब्यावर तशी सूचना असल्यास, प्राइमरशिवाय चालते. मोठ्या व्यासाच्या पाइपला दाट सिमेंट आणि प्राइमर अशी जोडी लागते. प्राइमरने काम झाले का, हे पाहण्याची साधी रीत अशी की, लावल्यानंतर चाकूच्या धारेने पृष्ठभाग खरवडावा. पातळ मऊ साल निघाली तर द्रावक मुरला आहे, आणि धार नुसती घसरली तर प्राइमर पुन्हा लावावा. प्राइमर ओला असतानाच त्यावर सिमेंट लावायचे असते. डब्यातले दाट झालेले सिमेंट प्राइमर किंवा थिनर घालून पातळ करू नये, कारण त्यातले रेझिनचे प्रमाण बिघडते. असे सिमेंट टाकून द्यावे. साध्या पीव्हीसीचे सोल्यूशन सीपीव्हीसीला वापरणे ही तर उघड चूक आहे. डब्यावर सीपीव्हीसी हा शब्द आणि एएसटीएम एफ ४९३ हे मानक असल्याची खात्री करावी.

सिमेंटचा भरपूर थर पाइपवर आणि पातळ थर सॉकेटमध्ये लावतात. सॉकेटमध्ये ते साचले, तर द्रावक बराच काळ एका जागी राहून भिंत कमजोर करतो. थर ओला असतानाच पाइप पाव वळसा देत तळापर्यंत दाबावा आणि १० ते ३० सेकंद धरून ठेवावा. निमुळत्या सॉकेटचा स्वभावच पाइपला बाहेर ढकलण्याचा असल्याने हात लवकर सोडला की तो मागे सरकतो. पाऊण इंची सांध्यात ६ मिलिमीटर मागे सरकणे म्हणजे एक तृतीयांश खोली गमावणे होय, आणि गमावलेला भाग नेमका तळाकडचा घट्ट पट्टा असतो. तोंडाभोवती सिमेंटची सलग कड दिसली पाहिजे. ती तुटक असेल, तर सिमेंट कमी पडले आहे.

सांधा हलवण्याजोगा होणे आणि तो दाब सहन करण्याजोगा होणे या दोन वेगळ्या अवस्था आहेत. १५ ते ३८ अंश सेल्सिअस तापमानात सव्वा इंचापर्यंतचा सांधा दोनेक मिनिटांत हाताळता येतो. दर चौरस सेंटिमीटरला सुमारे ११ किलोपर्यंतच्या दाबासाठी उत्पादकांच्या सर्वसाधारण तक्त्यांत किमान १५ मिनिटे आणि दीड ते दोन इंचासाठी ३० मिनिटे दिलेली असतात. दमट हवेत हा काळ दीडपट धरावा लागतो, म्हणून कोकणातल्या पावसाळ्यात तक्त्यातला आकडा जसाच्या तसा घेणे चुकीचे ठरते. भिंतीत बुजवायच्या आणि गरम पाण्याच्या लाइनला दाबचाचणीपूर्वी २४ तास देणे हा सुरक्षित प्रघात आहे. याच्या उलट, विदर्भाच्या उन्हात पडलेला पाइप ४३ अंशांपलीकडे तापला असेल, तर जोड बसण्याआधीच सिमेंटवर साय धरते. असा पाइप सावलीत निववून सकाळीच काम करावे.

चाचणी उत्तीर्ण झालेला सांधा महिन्यांनी का गळतो, हे गीझरच्या लाइनवरून नीट समजते. समजा, मुख्य व्हॉल्व्ह पूर्ण बंद होत नसल्याने पाण्याचे थेंब येत असतानाच एल्बो बसवला. ओल्या पृष्ठभागावर द्रावक मुरत नाही, पण निमुळत्या सॉकेटची पकड आणि तोंडाशी वाळलेले सिमेंट यांच्या जोरावर थंड पाण्याची चाचणी तो सहज पार करतो. पुढे रोज गरम-गार चक्र सुरू होते. सीपीव्हीसी दर मीटरमागे दर अंशाला सुमारे ०.०७ मिलिमीटर वाढते. म्हणजे ३ मीटरचा पाइप पाणी ४० अंशांनी तापल्यावर ८ मिलिमीटरहून अधिक लांब होऊ पाहतो, आणि दोन्ही टोके अडकलेली असली की तो ताण एल्बोवर येतो. एकजीव सांधा हा ताण पेलतो. नुसता धरून ठेवलेला सांधा मात्र दर वेळी केसभर सरकतो आणि काही महिन्यांनी फरशीमागे ओल दिसू लागते. असा एल्बो उभा कापला, तर पाइपवर कारखान्यातली मूळ चकाकी आणि छपाईची अक्षरे शाबूत दिसतात. नीट जुळलेल्या सांध्यात कापाच्या तळाकडील भागात पाइप कुठे संपतो आणि फिटिंग कुठे सुरू होते, ते सांगता येत नाही.

गळणाऱ्या सांध्यावर बाहेरून सोल्यूशन फासण्याचा उपाय टिकत नाही, कारण ते आतल्या न मिसळलेल्या पृष्ठभागांपर्यंत पोहोचत नाही. पाण्याची वाट बंद करून लाइन पूर्ण रिकामी व कोरडी करावी, एल्बो दोन्ही बाजूंच्या थोड्या पाइपसह कापून काढावा आणि नवा एल्बो, पाइपचे दोन तुकडे व दोन कपलर घालून तो भाग नव्याने जोडावा. कपलर बसण्यासाठी भिंतीतल्या पाइपचे स्वच्छ सरळ टोक किमान सॉकेटच्या खोलीइतके उघडे हवे, आणि पाइप आत ढकलताना तो मागे-पुढे व्हायला जागा हवी, म्हणून फरशी गळतीच्या जागेपेक्षा बरीच अधिक फोडावी लागते.