मुलाखतीचा संपादित ध्वनिअंश : प्रसिद्धीची परवानगी

मुलाखत ध्वनिमुद्रित झाल्यावर तिच्यातील निवडक, कापून जोडलेला भाग लोकांना ऐकवण्यापूर्वी पत्रकार मुलाखत देणाऱ्याकडे मागतो ती संमती. बोलणे रेकॉर्ड करण्याच्या परवानगीहून ही वेगळी असते. रेकॉर्डिंगला ‘हो’ म्हणणाऱ्याने आपले पाऊण तासाचे बोलणे दोन मिनिटांत कसे बसवले जाईल, हे ऐकलेले नसते. भारतीय वृत्तपत्र परिषदेच्या आचारसंहितेतही काही अपवाद वगळता, माणसाला कळू न देता किंवा त्याच्या संमतीशिवाय त्याचे संभाषण ध्वनिमुद्रित करू नये, असे म्हटले आहे. मात्र तो दंडक रेकॉर्डिंगपुरता आहे. कात्रीचा प्रश्न त्यानंतर येतो.

छापील मुलाखतीत वाक्य थोडे सावरून लिहिले तरी वाचकाला ते लेखणीतून आलेले आहे याची जाणीव असते. आवाजाच्या बाबतीत ऐकणाऱ्याला माणूस सलग बोलत असल्याचाच भास होतो. शिवाय मराठीत क्रियापद, नकार आणि ‘असं म्हणतात’ हे बहुधा वाक्याच्या शेवटी येतात. त्यामुळे शेवटचा अर्धा सेकंद उडाला तरी अर्थ उलटतो.

बेलापूरजवळच्या दिवाळे कोळीवाड्याचे एक कल्पित उदाहरण घेऊ. मासळी विकणाऱ्या मावशींशी ठाण्याच्या एका बातमीदाराचे ४८ मिनिटे बोलणे झाले. जमीन संपादनाच्या बदल्यात मिळणाऱ्या साडेबारा टक्के भूखंडाचा विषय निघाला. त्या म्हणाल्या, “आमचा प्लॉट एजंटाने खाल्ला… असं आळीत बोलतात, मी कागद बघितला नाही.” मध्ये त्यांनी श्वास घेतला, मागे होडीचे इंजिन चालू होते. एडिट करताना त्या श्वासापाशीच कापण्याचा मोह होतो, कारण तिथे जोड ऐकू येत नाही. पण तिथे कापले की ऐकीव गोष्ट थेट आरोप बनते. बदनामीचे प्रकरण उभे राहिले, तर न केलेल्या आरोपाचा जाब मावशींनाही द्यावा लागेल.

म्हणून परवानगी मागताना वर्णन पाठवून भागत नाही, तयार क्लिपच पाठवावी लागते. सोबत तुकडे मूळ रेकॉर्डिंगमध्ये कुठून कुठवर आहेत, काय गाळले, क्रम बदलला का, प्रश्न नंतर पुन्हा रेकॉर्ड केला का, क्लिप कुठे जाणार आणि नाव व फोटो असणार का, हे साध्या भाषेत सांगावे. संदेश असा असू शकतो : “मावशी, क्लिप २ मिनिटे १० सेकंदांची आहे. तुमचे तीन तुकडे जोडले आहेत. तिसरा तुकडा बोलण्यात आधी आला होता, मी शेवटी ठेवला. ‘आळीत बोलतात’ हे तसेच ठेवले आहे. आमच्या पॉडकास्टवर आणि यूट्यूबवर शुक्रवारी जाईल. ऐकून गुरुवारपर्यंत सांगा.” वाचायला त्रास होत असेल, तर फोन करून हेच वाचून दाखवावे आणि त्यांचा होकार, त्यांना सांगून, रेकॉर्ड करावा. उत्तर न येणे म्हणजे होकार नव्हे. बातमीदार घाईत असले की हे हमखास विसरतात.

क्लिप पाठवण्याआधी हेडफोन लावून प्रत्येक जोड ऐकावा. इंजिनाचा आवाज एकाएकी थांबला, श्वास अर्धवट तुटला किंवा वाक्य संपल्यासारखा सूर खाली न जाताच शब्द थांबला, तर काप चुकीच्या जागी आहे. मग जोडाच्या आधीची पाच-सहा वाक्ये मूळ रेकॉर्डिंगमधून ऐकून अर्थ ताडून बघावा. अडखळणे, खोकला, तेच ते बोलणे काढायला हरकत नसते. बोलीचे शब्द मात्र ‘शुद्ध’ करण्यासाठी कापू नयेत.

परवानगी मागणे म्हणजे मुलाखत देणाऱ्याला संपादनाचा हक्क देणे नव्हे. “माझे आडनाव चुकीचे उच्चारलेय”, “हे मी एजंटाबद्दल नाही, भावाबद्दल म्हटले होते” या दुरुस्त्या मान्य कराव्यात. “मी असे बोललेच नाही म्हणा” ही मागणी मान्य करता येत नाही. तिथे तो भाग वगळावा किंवा संपादकाशी बोलून निर्णय घ्यावा. सार्वजनिक पदावरच्या व्यक्तीने पदाविषयी ऑन रेकॉर्ड काही सांगितले असेल, तर बहुतेक बातमीदार दुसरी परवानगी मागत नाहीत, आणि ते रास्त आहे. ही रीत मुख्यतः सामान्य माणसांसाठी आहे, ज्यांच्या शेजाऱ्यांपर्यंत तो आवाज पोहोचणार असतो.

संमती प्रसिद्धीपूर्वी मागे घेतली गेली, तर क्लिप थांबवणे सोपे असते. नंतर ती आपल्या पानावरून काढता येते, पण व्हॉट्सअ‍ॅपवर फिरलेली प्रत परत आणता येत नाही. ही मर्यादा होकार घेतानाच सांगावी लागते.